‘वेबसाइट कशाला?’ म्हणणाऱ्या किराणावाल्या काकांची दिवाळी हुकली, मग त्यांनी काय केलं?

डोंबिवलीत आमच्या नाक्यावर एक किराणा दुकान आहे. तीस वर्षं जुनं. मालकांना सगळे काकाच म्हणतात, त्यामुळे आपणही काकाच म्हणू.

काकांची पुतणी दोन वर्षं मागे लागली होती, "काका, दुकानाची एक वेबसाइट करूया." काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझं गिऱ्हाईक माझ्या दारात येतं. त्याला वेबसाइट कशाला लागते?"

आणि काका चुकीचं बोलत नव्हते. नारळ, दूध, कोथिंबीर दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ऍपशी नाक्यावरचं दुकान कसं लढणार? पण काकांचा खरा धंदा नारळाचा नव्हताच. तो होता दिवाळीच्या फराळाचा. भाजके पोहे, डाळं, खोबरं, रवा, बेसन, अनारशाचं पीठ आणि काकूंच्या हातची चकलीची भाजणी. कोजागिरी ते धनत्रयोदशी या 13 दिवसांत दुकान वर्षभराची कसर भरून काढायचं.

मग एका दिवाळीला गणित फिसकटलं. काकांनी नेहमीप्रमाणे 120 किलो भाजणी दळून आणली होती. भाऊबीज झाली तरी त्यातली 45 किलो तशीच पडून. भाजणी काही साखर नाही, की पुढच्या सणाला काढू म्हणून ठेवून दिली. महिनाभरात तिचा खमंग वास उतरतो, नंतर खवट लागायला लागते. काकांनी ती निम्म्या भावात काढली.

काकांना वाटलं, लोक ऍपवरच्या सवलतीला भुलले. पण त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. उधारीची वही काढली आणि यंदा न आलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावला. सवलतीचं नाव फार कुणी घेतलं नाही. एक ताई म्हणाल्या, "काका, तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा बिझी. आठ वाजता दुकानावर आले तर ही गर्दी. शेवटी दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या ऍपवर यादी टाकली."

थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. म्हणजे गिऱ्हाईक भावामुळे तुटलं नव्हतं, रांगेमुळे तुटलं होतं.

रांगेचा हिशेब

फराळाची एक यादी म्हणजे साधारण 20 जिन्नस. बरेचसे सुटे, म्हणजे वजन करून पुडी बांधायचे. एका यादीला 15 मिनिटं जातात. काउंटरवर दोन माणसं, म्हणजे तासाला 8 याद्या.

आता डोंबिवलीचं गिऱ्हाईक घरी येतं ते संध्याकाळच्या लोकलने. गर्दी साडेसात ते साडेनऊची. त्या दोन तासांत काका फार तर 16 याद्या बांधू शकत होते आणि दारात उभी असायची तीसेक माणसं. उरलेली निम्मी परत जायची. फोन तर वाजतच राहायचा, कारण उचलायला हात मोकळा कुणाचा?

गंमत म्हणजे दुपारी 1 ते 4 दुकान रिकामं. या तीन तासांत त्याच दोन माणसांनी 24 याद्या सहज बांधल्या असत्या. हात होते, वेळ होता, फक्त यादी हातात नव्हती.

पुतणीने हा हिशेब कागदावर मांडला आणि म्हणाली, "काका, वेबसाइट नवीन गिऱ्हाईक आणायला नाही करायची. रात्री 11 वाजता लोक यादी करतात, ती घ्यायला करायची. सकाळी यादी तुमच्या हातात, दुपारी पुड्या बांधायच्या, संध्याकाळी गिऱ्हाइकाने फक्त पिशवी उचलायची." काका पहिल्यांदाच गप्प बसले.

मग नेमकं काय केलं?

दुकानात हजारावर जिन्नस आहेत. वेबसाइटवर टाकले फक्त 42, सगळे फराळाचे. का? कारण जेवढे जिन्नस, तेवढे भाव रोज बघायचे. एकदा चुकीचा भाव दिसला की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो. त्या 42 मध्येही तेल, खोबरं, साखर, डाळी अशा 8 जिन्नसांचेच भाव सारखे हलतात. तेवढेच रोज सकाळी बदलायचं ठरलं.

दुसरं, दिवसाला 24 याद्या झाल्या की त्या दिवसाची नोंदणी आपोआप बंद. 24 का, हे वर आलंच आहे. दुपारचे तीन तास तेवढंच झेपवतात. ही मर्यादा नसती, तर रांग काउंटरवरून उठून मोबाइलमध्ये जाऊन बसली असती.

तिसरं, पैसे आधी घ्यायचे नाहीत. सुट्या मालात दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होतात, एखादा जिन्नस संपलेला असतो. म्हणून वजन झाल्यावर बिल आणि पिशवी नेताना यूपीआय किंवा रोख. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो मानायचा नाही, कारण तो खोटा बनवता येतो. आपल्या खात्यात रक्कम जमा दिसली पाहिजे.

चौथी गोष्ट अनेक दुकानदार विसरतात. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, काकांच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. ते बनवून देणाऱ्याच्या खात्यावर असेल आणि उद्या त्याच्याशी बिनसलं किंवा तो नूतनीकरण करायला विसरला, तर दुकानाची पाटीच गेली. डोमेन आणि दुकानाचा तयार साचा मिळून वर्षाचा खर्च आला साडेसात हजार.

जाहिरात केली नाही. बिलावर आणि काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला, सोसायट्यांच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर लिंक टाकली. बस्स.

पहिल्याच आठवड्यात घोळ

खोबऱ्याचा भाव अचानक चढला. लोकांनी यादी टाकली जुन्या भावाने आणि बिल आलं नव्या भावाने. दोघांशी वाद झाला. काकांनी फरक स्वतः सोसला आणि नियम लिहून टाकला: नोंदणीच्या दिवसाचा भाव तीन दिवस कायम, त्यानंतर पिशवी नेली तर त्या दिवसाचा भाव.

दुसरा घोळ असा, की एकाच घरातून नवऱ्याने वेबसाइटवर यादी टाकली आणि बायकोने फोनवर तीच सांगितली. दोन पिशव्या बांधल्या गेल्या. तेव्हापासून फोनवरची यादीही पुतणी वेबसाइटवरच भरते. मोबाइल नंबर आधीचाच निघाला की लगेच कळतं.

शेवटी हिशेब काय?

13 दिवसांत वेबसाइटवरून 182 याद्या आल्या, म्हणजे दिवसाला सरासरी 14. शेवटचे तीन दिवस 24 ची मर्यादा दुपारच्या आत भरली. भाजणी यंदाही 120 किलोच केली होती. धनत्रयोदशीच्या सकाळी उरली होती 3 किलो, ती काकूंनी घरी ठेवली.

नवीन गिऱ्हाईक मात्र फारसं आलं नाही. नावं बहुतेक उधारीच्या वहीतलीच होती. आयत्या वेळी लागणारा एखादा नारळ लोक अजूनही ऍपवरूनच मागवतात आणि काकांचं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

दिवाळीनंतर पुतणीने विचारलं, आता हजारही जिन्नस वेबसाइटवर टाकूया का? काका म्हणाले, "त्यांचे भाव रोज सकाळी तू बदलणार असशील तर टाक."

वेबसाइटवर अजूनही 42 च जिन्नस आहेत.