कुंडलीचा कागद : लेखांक ७
बुधापुढचा ‘व’

अस्त ग्रहांविषयी या आठवड्यात लिहीन असं म्हटलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मधल्या काळात शहाद्याहून एका आजोबांचं पाकीट आलं आणि मी त्यातच अडकलो.

पाकिटात एकाच नातवाच्या दोन पत्रिका होत्या. बाळाचा जन्म धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्च २०२५ ला, नंदुरबारात झालेला. एक पत्रिका दवाखान्याच्या कागदावरच्या वेळेवरून काढलेली, दुपारी १२.१०. दुसरी मावशीच्या मोबाईलवरच्या वेळेवरून, १२.२०. दोन्हींत बुध मीनेत १५ अंश २३ कला, उत्तराभाद्रपदा, चरण चौथा. फरक एवढाच की दुसरीत बुधापुढे ‘व’ आहे आणि पहिलीत नाही. सोबतच्या चिठ्ठीत पहिलीच ओळ : “मना नातूना बुध वक्री शे का नही?”

आधी आजोबांची दुसरी शंका. कुंडलीत बुधाच्या घरात १२ आकडा आहे, तर तक्त्यात 11-15-23 छापलंय. मग बुध कुंभेत का? नाही. तक्त्यातला पहिला आकडा संपलेल्या राशींचा असतो. अकरा राशी ओलांडून बुध बाराव्या राशीत १५ अंश २३ कला आत आलाय. मेषेतल्या ग्रहापुढे अशा तक्त्यात शून्य दिसतं. आणि हे २३ म्हणजे साठातले तेवीस, शंभरातले नव्हेत. १५.२३ असं दशांश समजून बेरीज-वजाबाकी केली की कला चुकल्याच.

चरण छापलाय तसा बरोबर आहे का, तेही हातानं पडताळता येतं. अकरा राशींचे ३३० अंश, त्यात १५ अंश २३ कला मिळवल्या की ३४५ अंश २३ कला होतात. सगळ्याच्या कला केल्या तर २०,७२३. एक चरण २०० कलांचा, म्हणून २०० नं भागा : १०३ चरण पूर्ण, १०४ वा चालू. चार चरणांचं एक नक्षत्र, म्हणजे हा सव्विसाव्या नक्षत्राचा चौथा चरण. सव्विसावं नक्षत्र उत्तराभाद्रपदा. कागद इथे खरा आहे.

आता ‘व’. बहुतेक लोक हे अक्षर पाहतात आणि शेजारचा गतीचा रकाना सोडून देतात. खरं तर ‘व’ त्या रकान्यातूनच जन्मतो. गती ऋण झाली की संगणक ‘व’ (किंवा R) छापतो, धन असेल तर काही छापत नाही. किती ऋण, हे तो पाहत नाही. आजोबांच्या दोन्ही कागदांवर बुधाची गती 00-00 आहे, दुसरीत फक्त मागे उणे चिन्ह. भरात असलेला बुध दिवसाला दोन अंशांहून जास्त धावतो. इथे तो दिवसाला एक कलासुद्धा सरकत नाही.

त्या दिवशी बुध वक्री झाला तो दुपारी १२.१६ ला. १२.१० आणि १२.२० यांच्या बरोबर मधे! बुध काही थबकून उलटा फिरत नाही. सूर्याभोवतीच्या आतल्या वाटेनं तो आपल्याला मागे टाकत पुढे जातो, तेव्हा आपल्याला तो मागे सरकताना दिसतो. दिशा बदलताना गती हळूहळू शून्यावर येते आणि तशीच हळूहळू उणे होते. जुन्या लोकांनी या अवस्थेला ‘स्तंभी’ हा नेमका शब्द दिला. तक्त्यात मात्र स्तंभीचा रकाना नसतो.

पुढे तो बुध ७ एप्रिलपर्यंत मागे येत मीनेच्या तिसऱ्या अंशात, पूर्वाभाद्रपदेच्या चौथ्या चरणात पोचला आणि तिथून मार्गी झाला. मार्च संपत आला तेव्हाचा ‘व’ ठसठशीत होता. १५ तारखेचा ‘व’ घड्याळातल्या चार मिनिटांवर टेकलेला.

गावाचा काही फरक पडला का? एका पत्रिकेत गाव नंदुरबार, दुसरीत धुळे निवडलंय. लग्नाच्या अंशात त्यानं थोडा फरक पडेल, पण ग्रहांचे अंश आणि गती वेळेवर ठरतात. प्रमाणवेळ तीच असेल तर हा तक्ता बदलत नाही.

राहू-केतूंपुढचा ‘व’ तर मी वाचतच नाही. मध्यम राहू कायम वक्री असतो आणि त्याची गती रोज तीन कला अकरा विकला. तुमच्या कागदावर नेमका हाच आकडा असेल तर तिथे मध्यम राहू घेतलाय. वेगळा असेल तर स्पष्ट राहू. दोन कागदांत राहूचे अंश का जुळत नाहीत असं विचारणाऱ्या नवापूरच्या वाचकांनी आधी हे पाहावं.

आजोबा, नातवाचा बुध स्तंभी आहे. दोन्ही कागदांवर पेनानं तसं लिहून ठेवा. आणि ज्यांच्या पत्रिकेत गतीचा रकानाच नाही, त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी जन्मदिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचे त्याच वेळचे ग्रह काढून ठेवावेत. दोन्हींतली वजाबाकी म्हणजेच गती, आणि अस्त पाहताना ती लागणार आहे.