लाभांशाच्या आदल्या रात्री

अमेरिकेत शेअरवरचा कॉल ऑप्शन मुदतीआधी कधीही वापरता येतो. समजा, शेअर ५० डॉलरला आहे, तुम्ही विकलेला ४५चा कॉल ५.०५ला आणि उद्या एक्स-डिव्हिडंड तारीख, लाभांश ६० सेंट. उद्या शेअर साधारण तेवढाच उतरेल. लाभांश मात्र कॉलधारकाला नाही, शेअरधारकाला. म्हणून तो आजच कॉल वापरतो: पाच सेंटांचं काळमूल्य सोडून साठ सेंट घेतो. तुम्हाला सकाळी कळतं. शंभर शेअर हाताशी नसतील, तर वर ६० डॉलर लाभांशही तुमच्याच खिशातून! त्याच भावाचा पुट लाभांशापेक्षा स्वस्त दिसला, की कॉल आदल्या दिवशीच परत घ्यावा. आपल्याकडे शेअर ऑप्शन मुदतीलाच वापरता येतात, त्यामुळे ही धास्ती नाही.