गाइडला पाठवायचा मेल: प्रकरणांचा क्रम बदलला तेव्हा

निवृत्तीनंतर पीएच.डी.ला बसलेल्या बऱ्याच जणांनी एकच तक्रार कळवली आहे: "गाइडला नवा आराखडा पाठवला, उत्तर आलं 'ठीक आहे, पुढे चला'. पुढे गेलो आणि अडकलो." ही चूक मीही केली होती, म्हणून आज फक्त त्या मेलबद्दल बोलतो.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमधला, म्हणजे रसद पोहोचवणारा माणूस. आता डेहराडूनला राहतो. माझा विषय आहे 1948 साली लडाखला पोहोचवलेली रसद. पहिल्या आराखड्यात मी साधनांनुसार प्रकरणं पाडली होती: पहिलं प्रस्तावनेचं, दुसरं भूगोलाचं, तिसरं रस्त्यांचं, चौथं खेचरांचं, पाचवं विमानांचं, सहावं झोजिलाच्या लढाईचं आणि सातवं निष्कर्षाचं. कागदावर हे नीट दिसत होतं. लिहायला बसलो तेव्हा घोटाळा कळला. मे 1948 मध्ये कारगिल हातचं गेलं आणि श्रीनगर-लेह वाट तुटली. ही एकच घटना मला रस्त्यांत, खेचरांत आणि विमानांत अशी तीनदा सांगावी लागत होती. एकच प्रसंग तीन प्रकरणांत पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागत असेल, तर वाक्यं सुधारून काही होत नाही. क्रमच चुकलेला असतो.

मग मी क्रम बदलला आणि मॅडमना मेल केला: "सुधारित आराखडा जोडला आहे. कृपया पाहून मार्गदर्शन करावं." उत्तर आलं, "ठीक आहे." मी चार महिने लिहीत बसलो. पुढे भेटीत मॅडमनी विचारलं, "स्कर्दू इथे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. मी प्रश्नच विचारला नव्हता, मग उत्तर कशाचं मिळणार? नियमाप्रमाणे पीएच.डी.ला प्रवेशापासून साधारण सहा वर्षं मिळतात. त्यातले चार महिने माझ्या वयाच्या माणसाने असे घालवणं परवडत नाही.

दुसऱ्यांदा पाठवलेला मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत असा:

विषय: प्रकरणांचा नवा क्रम – तीन प्रश्न, शक्य झाल्यास 20 तारखेपर्यंत उत्तर हवे

आदरणीय मॅडम,
सोबत दोन पानांचा नवा आराखडा आहे. दुसऱ्या पानावर जुनं कोणतं प्रकरण नव्यात कुठे गेलं, याचा तक्ता आहे. आपण तक्ता आणि खालचे तीन प्रश्न पाहिलेत तरी पुरे.

काय बदललं: जुनी तिसरं, चौथं, पाचवं ही प्रकरणं साधनांनुसार होती. आता ती काळानुसार आहेत. नवं तिसरं: वाट बंद होते. नवं चौथं: लेहचा हवाई पूल. नवं पाचवं: झोजिला आणि वाट पुन्हा उघडणं. सहावं: तिन्ही साधनांची तुलना. पहिलं, दुसरं आणि सातवं तसंच आहे.
का बदललं: कारगिलची घटना तीन ठिकाणी येत होती.

प्रश्न 1. स्कर्दू 14 ऑगस्ट 1948 ला पडलं. ते तिसऱ्यात ठेवू की चौथ्यात? माझा कल तिसऱ्याकडे, कारण तीही वाट बंद होण्याचीच कहाणी आहे.
प्रश्न 2. त्याच उन्हाळ्यात मनालीच्या वाटेनेही लेहकडे खेचरं गेली. काळ पाहिला तर ती चौथ्यात बसतात, पण मग 'हवाई पूल' हे शीर्षक खोटं पडतं. शीर्षक बदलू की मनाली तिसऱ्यात नेऊ? माझा कल शीर्षक बदलण्याकडे.
प्रश्न 3. तुलना स्वतंत्र प्रकरणात ठेवू की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाटून देऊ? वाटली तर प्रकरणं सातांची सहा होतील. मंजूर सिनॉप्सिसमध्ये सात आहेत. हा बदल सल्लागार समितीपुढे न्यावा लागेल का?

उत्तर येईपर्यंत मी दुसऱ्या प्रकरणाचं काम करतो, त्याला क्रमाची अडचण नाही. मेलवर उत्तर देणं सोयीचं नसेल तर वीस मिनिटं फोनवर बोलू.
आपला,

आता यातलं एकेक पाहू. विषयाच्या ओळीत प्रश्न किती आणि उत्तर कधीपर्यंत हवं हे आहे, त्यामुळे मेल उघडण्याआधीच काम किती आहे ते कळतं. 'काय बदललं' यात न बदललेलंही लिहिलं आहे. ते नसेल तर गाइडला सगळा आराखडा जुन्याशी ताडून पाहावा लागतो, आणि तेवढा वेळ नसला की 'ठीक आहे' येतं. जुन्या-नव्याचा तक्ता त्यासाठीच.

प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय आहेत आणि माझा कल आहे. "क्रम बरोबर आहे का?" याला "हो" म्हणता येतं, पण त्या "हो"वरून तुम्हाला उद्या काय करायचं ते कळत नाही. प्रश्न पाठवण्याआधी स्वतःला विचारा: याचं उत्तर एका ओळीत देता येईल का? आणि त्या उत्तराने माझं उद्याचं काम बदलेल का? दोन्हींना "हो" असेल तरच तो प्रश्न ठेवा. माझे आधी नऊ प्रश्न होते, या चाळणीतून तीन उरले. कल लिहायला मात्र लाजू नका. कल आणि त्याचं कारण समोर असलं की गाइडला तुमची चूक नेमकी कुठे आहे ते दिसतं.

माझी चूक तशीच सापडली. दोन दिवसांत उत्तर आलं. दुसऱ्या प्रश्नावर: शीर्षक बदला. तिसऱ्यावर: तुलना स्वतंत्रच ठेवा, म्हणजे समितीचा प्रश्नच उरत नाही. पहिल्यावर मात्र त्यांचं मत माझ्या उलट होतं. त्यांनी लिहिलं की स्कर्दू चौथ्यात घ्या, लेहच्या शेजारी.

मी तारखांच्या आधाराने चाललो होतो. त्या काय म्हणत होत्या ते नकाशा पुढे घेतल्यावर उमगलं. 24 मे 1948 ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवलं. विमानात जनरल थिमय्याही होते. पुढे त्याच धावपट्टीवर कुमक उतरली आणि लेह टिकलं. स्कर्दूत विमान उतरवता आलं नाही आणि महिनोन् महिने वेढा सोसून ते पडलं. ही दोन ठाणी एकाच प्रकरणात शेजारी ठेवली की धावपट्टीची किंमत आपोआप दिसते. तिसऱ्या प्रकरणात स्कर्दू ही पराभवांच्या यादीतली आणखी एक तारीख झाली असती.

पाचव्याची जागाही त्याने पक्की झाली. 1 नोव्हेंबरला स्टुअर्ट रणगाडे झोजिलावर चढले आणि त्याच महिन्यात लेहची वाट पुन्हा जोडली गेली. पण जोडायला लेह हातात उरलं होतं, ते चौथ्या प्रकरणामुळे. एक प्रकरण पुढच्याला कारण पुरवतं, तेव्हा क्रम बसला असं समजावं.

या मेलची एक मर्यादा सांगतो. प्रबंधाचं शीर्षक, उद्दिष्टं किंवा काळाची चौकट बदलत असेल, तर ते काम मेलवर उरकू नका. गाइडनी मेलवर "चालेल" म्हटलं तरी मंजुरी समितीचीच लागते. आधी भेट मागा, मग समितीपुढे लेखी जा. आणि गाइडचं उत्तर आलं की त्याच मेलखाली तीन ओळींत लिहा: आपण असं सांगितलंत, मी असं करतो आहे. सहा महिन्यांनी दोघांनाही नेमकं काय ठरलं होतं ते आठवत नाही, तेव्हा ह्या तीन ओळी उघडून पाहता येतात.

पुढच्या भागात जुन्या-नव्या प्रकरणांचा तो तक्ता कसा आखायचा ते पाहू. नमस्कार.