मालाचे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी

व्यापारी घरातील मुलाला विक्री शिकवावी लागत नाही, असा समज रूढ आहे आणि तो बराचसा खरा आहे. माल कसा दाखवावा, गिऱ्हाईक कसे जोडावे, उधारी कुठवर ताणू द्यावी, हे त्याने दुकानाच्या गादीवर बसून लहानपणापासून पाहिलेले असते. औषध कंपनीतील वैद्यकीय प्रतिनिधीच्या, म्हणजे एमआरच्या, मुलाखतीत मात्र हीच पूंजी कधी उपयोगी पडते, तर कधी पायात घोटाळते. कारण या व्यवहाराची रचनाच निराळी आहे. डॉक्टर औषध लिहितो, पण विकत घेत नाही. केमिस्ट विकत घेतो, पण निवडत नाही. रुग्ण पैसे देतो आणि गोळी घेतो, पण तिचे नाव त्याने ठरवलेले नसते. प्रतिनिधी ज्याच्यासमोर बोलतो, त्याच्याकडून त्याला एक रुपयाही घ्यायचा नसतो. डॉक्टरांच्या भेटी, औषधाचे ज्ञान आणि विक्रीचे लक्ष्य या तिन्ही विषयांवरील प्रश्नांतून मुलाखत घेणारा एकच गोष्ट पाहतो: हा फरक उमेदवाराला उमगला आहे काय?

उदाहरणादाखल एक उमेदवार कल्पून पाहावा. तालुक्याच्या गावी वडिलांचे औषधाचे दुकान आहे, मुलाने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले आहे, आणि समोर कंपनीचे एरिया मॅनेजर बसले आहेत. पहिला विषय निघतो भेटींचा. ‘‘तुमच्या यादीत 120 डॉक्टर आहेत. महिन्यात प्रत्यक्ष कामाचे दिवस 24. भेटी कशा लावाल?’’

‘‘सर्वांना भेटेन’’ हे उत्तर उत्साहाचे असले, तरी कच्चे आहे. मॅनेजरांना हिशेब हवा असतो. ज्यांच्याकडे या औषधाचे रुग्ण अधिक येतात असे 40 डॉक्टर महिन्यातून तीनदा, मधले 40 दोनदा आणि उरलेले 40 एकदा, असे धरले तर 120, 80 आणि 40 मिळून 240 भेटी होतात. म्हणजे दिवसाला दहा. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: पहिले 40 कोण, हे कसे ओळखाल? दवाखान्याबाहेरच्या गर्दीवरून ते कळत नाही. ते केमिस्टच्या काउंटरवर कळते. कोणत्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणत्या कंपनीचे औषध किती जाते, याची विचारपूस प्रतिनिधी केमिस्टकडे नियमाने करतो. दुकानात वाढलेल्या मुलाला इथे बोलण्यासारखे पुष्कळ असते. कारण काउंटरच्या पलीकडच्या बाजूने हीच विचारपूस त्याने अनेकदा ऐकलेली असते.

भेटींविषयी आणखी एक प्रश्न हमखास येतो. ‘‘दोन तास थांबलात, डॉक्टर न भेटताच निघून गेले. दिवसाच्या अहवालात काय लिहाल?’’ न झालेली भेट झाली म्हणून लिहिण्याचा मोह या कामात रोजचा आहे. त्याची किंमत उशिरा कळते. अहवालात तीन भेटी, पण केमिस्टकडे त्या डॉक्टरांची एकही चिठ्ठी नाही, असे चित्र दोन-तीन महिने दिसले की मॅनेजर स्वतः त्या डॉक्टरांकडे सोबत येतात, आणि डॉक्टर प्रतिनिधीला ओळखतच नाहीत. ‘‘भेट झाली नाही असेच लिहीन, आणि त्यांची भेटीची वेळ कंपाउंडरला विचारून पुढच्या फेरीचा क्रम बदलेन,’’ एवढे साधे उत्तर पुरेसे असते.

दुसरा विषय औषधाच्या ज्ञानाचा. मॅनेजर स्वतः डॉक्टर होऊन बसतात आणि उमेदवाराला एका मिनिटात एखादे औषध मांडायला सांगतात. समजा औषध आहे पँटोप्रॅझोल 40 मिलिग्रॅम. आम्लपित्तावरची ही गोळी दुकानात रोज विकली जाते. मुलाला तिचे नाव, खोके, किंमत सारे पाठ असते. पण विचारले जाते ते असे: ‘‘ही गोळी सकाळी उपाशीपोटी का? चुरडून दिली तर काय होईल?’’

याचे उत्तर गोळीच्या कार्यात आहे. जठराच्या अस्तरातील काही पेशींत आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. पँटोप्रॅझोल ते पंप बंद पाडते. परंतु थेट पोटातून नव्हे. आम्लात हे औषध स्वतःच नाश पावते. म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. गोळी आतड्यात पोहोचते, तिथे विरघळते, औषध रक्तात जाते आणि रक्तातून त्या पेशींकडे येते. अन्न पोटात आले की पंप जोराने चालू होतात आणि चालू पंपांवरच औषधाचा प्रभाव पडतो. म्हणून न्याहारीपूर्वी साधारण अर्धा तास आधी घ्यायची. चुरडली तर आवरण मोडते आणि औषध वाया जाते. पहिल्याच गोळीने पूर्ण आराम मिळत नाही, पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, हेही प्रतिनिधीला सांगता आले पाहिजे. नाहीतर दुसऱ्या दिवशी रुग्ण तक्रार करतो आणि डॉक्टर गोळी बदलतात.

यानंतर खरी परीक्षा येते. ‘‘मी ओमेप्रॅझोल लिहितो, माझे रुग्ण बरे होतात. तुमची गोळी का लिहू?’’ दुकानातील सवय म्हणते, ‘आमचा माल स्वस्त आहे’ किंवा ‘त्यांचा माल चांगला नाही’. दोन्ही उत्तरे इथे फुकट जातात. नेमके उत्तर एका ठराविक रुग्णाचे असते. हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल दिले जाते. हे औषध यकृतातील एका एन्झाइममुळे कार्यक्षम होते. ओमेप्रॅझोल त्याच एन्झाइमला अडवते, तर पँटोप्रॅझोलचा त्यावरील परिणाम कमी असतो. तेव्हा उमेदवाराने म्हणावे, ‘‘डॉक्टर, सर्व रुग्णांसाठी आग्रह नाही. क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या रुग्णांसाठी विचार व्हावा.’’ मागणी लहान आहे, कारण खरे आहे आणि डॉक्टरांच्या मूळ निवडीचा अवमान नाही.

‘‘दुष्परिणाम?’’ हा शेवटचा खडा टाकला जातो. ‘‘काही नाहीत’’ म्हणणारा उमेदवार तिथेच संपतो. डोकेदुखी, जुलाब हे नेहमीचे. दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम व बी-12 कमी होणे आणि हाडे मोडण्याचा वाढता धोका, हे सांगावे लागते. केंद्र सरकारच्या औषध विभागाने मार्च 2024 मध्ये औषधविपणनाची एकसमान आचारसंहिता जाहीर केली. तिच्यानुसार एखाद्या औषधाला दुष्परिणामच नाहीत असे ठामपणे सांगता येत नाही, डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाहीत आणि भेट मिळावी म्हणून प्रलोभनही दाखवता येत नाही. औषधाचे घटक विचारले गेले, तरी हाच नियम. जैन कुटुंबांतून अनेकदा विचारले जाते की कॅप्सूल शाकाहारी आहे का. नेहमीच्या कॅप्सूलचे जिलेटिन प्राणिज असते आणि एचपीएमसीचे आवरण वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून बनते. आपल्या कंपनीची कॅप्सूल कोणती, हे प्रतिनिधीला ठाऊक असावे आणि जे आहे ते त्याने स्पष्ट सांगावे.

तिसरा विषय लक्ष्याचा, आणि व्यापारी घरातील मुलाची खरी कसोटी इथे लागते. प्रथम मॅनेजर विचारतात, ‘‘या एका गोळीचे महिन्याचे लक्ष्य 60,000 रुपये. कसे गाठाल?’’ एका स्ट्रिपचा स्टॉकिस्टचा दर 100 रुपये आणि एका चिठ्ठीला एक स्ट्रिप असे धरले, तर 600 चिठ्ठ्या लागतात. ही गोळी 30 डॉक्टरांनी लिहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला 20, म्हणजे कामाच्या दिवशी एकही पुरी नाही. साठ हजारांचा आकडा असा उतरवला की तो भीतिदायक राहत नाही. कोणते 30 डॉक्टर, एवढाच प्रश्न उरतो.

मग आवाज थोडा उतरतो. ‘‘आज 30 तारीख. लक्ष्याला 40,000 कमी आहेत. वडिलांचे दुकान आहेच. तेवढा माल तिथे उतरवाल ना?’’

प्रश्न सहज विचारलेला असतो. होकारही सहज निघून जातो. पण इथेच दोन प्रकारच्या विक्रीतील भेद जाणून घ्यावा लागतो. कंपनीने स्टॉकिस्टला केलेले बिल ही पहिली विक्री. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला माल ही दुसरी. एका प्रदेशाचा महिन्याचा हिशेब असा मांडून पाहावा: स्टॉकिस्टकडे आरंभीचा साठा 80,000, कंपनीने बिल केले 3,20,000, महिनाअखेर शिल्लक 1,90,000. लक्ष्य 3,00,000 असेल तर बिलाच्या आकड्याने ते ओलांडले गेले. परंतु 80,000 आणि 3,20,000 मिळून 4,00,000, त्यातून शिल्लक 1,90,000 वजा केली, तर पुढे सरकलेला माल केवळ 2,10,000 चा. उरलेला गोदामात पडून आहे. पुढच्या महिन्यात स्टॉकिस्ट ऑर्डर देणार नाही, काही महिन्यांनी मुदत संपलेल्या पेट्या परत येतील, आणि ज्या प्रतिनिधीचे कौतुक झाले त्याच्याच खात्यातून त्या वजा होतील. चढती शिल्लक हे या दुखण्याचे पहिले लक्षण. अनुभवी मॅनेजर विक्रीच्या आकड्याआधी तिच्याकडेच पाहतात.

म्हणून उत्तर नम्र पण ठाम असावे: ‘‘नाही, सर. दुकानात माल उतरला तरी चिठ्ठी वाढत नाही. कमतरता मला 20 तारखेलाच दिसायला हवी होती आणि तेव्हाच मी तुम्हाला कळवायला हवे होते.’’ घरचे दुकान आहे, ही गोष्ट विचारण्यापूर्वीच सांगून टाकणेही हिताचे, कारण तिथे दुसरा धोकाही असतो. डॉक्टरांना द्यायचे नमुने विक्रीसाठी नसतात आणि तसे त्यांच्यावर छापलेले असते. असा एक नमुना घरच्या काउंटरवर दिसला, तर नोकरी आणि दुकानाचे नाव एकाच वेळी जाते.

मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला विचारले जाते, ‘‘तुम्हाला काही विचारायचे आहे?’’ पगार, प्रवासभत्ता, मुख्यालय आणि बाहेरगावचे मुक्काम हे विचारावेच. त्याच्या जोडीने दोन प्रश्न अवश्य असावेत: लक्ष्य बिलावर मोजतात की पुढे गेलेल्या मालावर? आणि आधीचा प्रतिनिधी गेला, तेव्हा स्टॉकिस्टकडे किती महिन्यांचा साठा पडून होता? एका महिन्याच्या आसपासचा आकडा सांगितला गेला तर प्रदेश निरोगी आहे. तीन-चार महिन्यांचा साठा असेल, तर नव्या माणसाचे पहिले कित्येक महिने दुसऱ्याचा माल खपवण्यातच जातील, आणि ते लक्ष्य ठरवताना धरले जाणार आहे का, हे नेमणुकीच्या पत्रावर सही करण्यापूर्वीच बोलून घ्यावे. चालू दुकान विकत घेताना गल्ला पाहण्याआधी कपाटातील जुना माल पाहावा, हे व्यापाऱ्याच्या मुलाला कुणी सांगावे लागत नाही.