गुरुवारची रात्र शुक्रवारी अकराला संपली

ऑक्टोबर २०१९ मध्ये पगाराच्या स्लिपा वाटून झाल्या, आणि भट्टीवरचा संतोष (नाव बदललं आहे) टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. स्लिप त्याने काचेवर दाबून धरली होती.

"साहेब, बारा तारखेचा खाडा लावलाय. त्या रात्री मी होतो. नुसता होतो नाही, वर चार तास थांबलो."

बारा सप्टेंबर, गुरुवार. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला माणसं कमी येतात, हे चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही सुपरवायझरला पंचांग न बघता कळतं. हीट ट्रीटमेंटची भट्टी मात्र मिरवणुकीसाठी थांबत नाही. आत माल असताना ती सोडून जाता येत नाही. रात्री ११ ते सकाळी ७ ही संतोषची पाळी. सातला रिलीव्हर आला नाही, म्हणून सुपरवायझरने त्याला अकरापर्यंत थांबवलं. अखंड चालणाऱ्या काही कामांत, पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर आधीच्याला थांबवण्याची सोय कारखाने अधिनियमात होती. थांबवणं आमच्याकडे नेहमीचंच होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मशीनमध्ये त्याचे चार थंब होते. गुरुवारी रात्री १०:५२, शुक्रवारी सकाळी ११:०६, शुक्रवारी रात्री १०:५४ आणि शनिवारी सकाळी ७:०५. माणसाला हे वाचायला सोपं आहे. पहिले दोन गुरुवारच्या पाळीचे, पुढचे दोन शुक्रवारच्या. पण थंबाच्या मशीनला आत आणि बाहेर कळत नाही. तिला फक्त वेळ कळते. कुठला थंब कुठल्या दिवसाचा, हे तिला आपण सांगावं लागतं, आणि घोटाळा नेमका त्या सांगण्यात असतो.

कॅलेंडरच्या तारखेने दिवस मोजला तर रात्रपाळीची गंमतच होते. शुक्रवारचा पहिला थंब सकाळी ११:०६, शेवटचा रात्री १०:५४. म्हणजे संतोष घरी जेवून झोपला ते पावणेबारा तास त्याच्या ड्युटीत जमा! म्हणून कुठल्याही हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रपाळीसाठी दिवसाची हद्द पुढे सरकवतात. हा नुसता सोयीचा भाग नाही, कायदाच तसा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, आणि त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपेल तेव्हा सुरू होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हा नियम आहे. म्हणजे संतोषचा गुरुवार शुक्रवारी सकाळी अकराला संपला.

आमच्याकडे ही हद्द सकाळी दहाला होती. सॉफ्टवेअर बसवताना कुणीतरी विचारलं असणार, रात्रपाळीची माणसं जास्तीत जास्त किती थांबतात? उत्तर मिळालं असणार, तास-दोन तास. म्हणून सातला पाळी संपते, वर तीन तासांची सूट, दहाला दिवस बंद. रोजच्या कामाला ते पुरायचं. सव्वासातला गेलेला, नऊला गेलेला, सगळे बरोबर लागायचे. चुकायचा तो फक्त तीन तासांहून जास्त थांबलेला, म्हणजे ज्याचा ओटी सगळ्यात मोठा तो.

दहाच्या हद्दीने संतोषचे थंब असे विभागले गेले. गुरुवारच्या वाट्याला एकटा १०:५२ आला. जोडीदार नाही म्हणून तो 'मिस पंच'. शुक्रवारच्या वाट्याला तीन. पहिला आत, शेवटचा बाहेर, मधला सोडून द्यायचा, हा नियम. त्यामुळे संतोष शुक्रवारी सकाळी ११:०६ ला आत आला आणि शनिवारी ७:०५ ला बाहेर पडला. वीस तासांना एक मिनिट कमी! पाळी रात्री अकराची, त्याआधीच्या वेळेला मंजुरी नाही, म्हणून ती कापून आठ तासांची साधी हजेरी लागली. वरवर पाहता शुक्रवार अगदी स्वच्छ.

मग ओटीची चिठ्ठी कुठे गेली? ती होती. सुपरवायझरने इमानदारीने भरली होती. दिनांक १३ सप्टेंबर, सकाळी ७ ते ११, कारण रिलीव्हर गैरहजर. घड्याळाने पाहिलं तर एकही अक्षर खोटं नाही. पण हजेरीच्या हिशेबात ते चार तास १२ तारखेचे. सॉफ्टवेअरने चिठ्ठी १३ ला लावली. मंजूर वेळ संपते अकराला, आणि त्याच्या मते संतोष आलाच अकरा वाजून सहा मिनिटांनी. सामाईक वेळ शून्य, म्हणून ओटी शून्य. चूक झाल्याचा कुठलाही इशारा नाही.

आता पैशांचं बघू. हिशेबाला सोपे म्हणून गोल आकडे घेतो. मूळ पगार आणि भत्ते मिळून महिना २०,८०० रुपये. २६ दिवसांनी भागले की रोज ८००, तासाला १००. ओटीचा दर दुप्पट, म्हणजे तासाला २००. कायद्याने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर दुप्पट दर लागायचा. आमच्या युनियनच्या करारात तो आठ तासांनंतरच सुरू व्हायचा, म्हणून पूर्ण चार तास. गुरुवारचा रोज ८००, चार तासांचा ओटी ८००, रात्रपाळी भत्ता ६०, आणि महिन्यात एकही खाडा नसेल तर मिळणारा हजेरी बोनस ५००. एका थंबामागे २,१६० रुपये.

जाता जाता एक. काही ठिकाणी ओटी फक्त मूळ पगारावर काढतात. मूळ १३,००० असेल तर तासाला साडेबासष्ट, दुप्पट सव्वाशे. दोनशेच्या जागी सव्वाशे देऊनही स्लिपवर 'दुप्पट' छापता येतं. १९४८ च्या कायद्यात दर काढताना मूळ पगारासोबत भत्तेही धरायचे होते, फक्त बोनस आणि ओटीची स्वतःची रक्कम सोडून. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे, त्यामुळे आताच्या स्लिपा त्या व्याख्येने तपासाव्या लागतील.

संतोषची तक्रार आली तेव्हा आम्ही जे केलं ते सगळीकडे करतात. हजेरी दुरुस्तीचा फॉर्म भरून घेतला. कारण : थंब लागला नाही. (लागला होता, पण फॉर्मवरच्या यादीत दुसरं जवळचं कारण नव्हतं.) सुपरवायझरची सही घेतली. माझ्या सहकाऱ्याने १२ तारीख उघडली. बाहेर जाण्याच्या चौकटीत सॉफ्टवेअर पाळी संपण्याची वेळ आपणहून भरून ठेवतं, ७:००. त्याने 'मंजूर' दाबलं. खाडा गेला. पुढच्या पगारात ८००, ६० आणि ५०० थकबाकी म्हणून जमा झाले. फॉर्म फाइलला लागला आणि आमच्या लेखी विषय मिटला.

संतोषच्या लेखी मिटला नव्हता. तो पुन्हा खिडकीशी. "दिवस दिलात साहेब, चार तास कुठंयत?"

हजेरी दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो असं माझं मत आहे. खाडा डोळ्यांवर येतो, त्यावर माणूस भांडतो. दुरुस्ती करताना आपोआप भरलेला सातचा आकडा कुणाला दिसत नाही. उलट तो ओटी कायमचा झाकून टाकतो, कारण आता गुरुवारला दोन थंब आहेत आणि मिस पंचच्या यादीतून तो दिवस नाहीसा झाला आहे.

पुरावा भट्टीवरच मिळाला. तापमानाची नोंद दर तासाला वहीत होते आणि ज्याने घेतली तो सही करतो. शुक्रवारच्या पानावर सकाळी ८, ९, १० आणि ११ या चारही ओळींवर संतोषची सही होती. मशीनमधले कच्चे थंब काढले तेव्हा ११:०६ समोर आला. शुक्रवारच्या पोटात तो तसाच पडून होता. तो उचलून गुरुवारला लावला, सातचा हाताने भरलेला थंब काढला, चिठ्ठीची तारीख बदलली. ८०० रुपये तिसऱ्या पगारात गेले.

मग मी मागचे महिने चाळले. शोधायचं काय ते आता माहीत होतं : लागोपाठच्या दोन दिवसांत एकीकडे एक थंब, दुसरीकडे तीन. विषम आकडे असे शेजारी आले की त्या दोन चुका नसतात, एकच थंब चुकीच्या घरात पडलेला असतो. अशा आणखी जोड्या निघाल्या. सगळ्या रात्रपाळीच्या, आणि बहुतेकांवर दुरुस्ती होऊन ७:०० पडलेले.

हद्द दहाची दुपारी तीन केली की झालं, असं आम्हालाही वाटलं. तसं केलं तर रात्रपाळी संपवून अदलाबदलीत त्याच दिवशी दुसऱ्या पाळीला येणारा सापडतो. त्याचा दुपारी २:५० चा आत येण्याचा थंब आदल्या रात्रीचा बाहेर जाण्याचा ठरतो, आणि फुकटचा आठ तासांचा ओटी पडतो. कुठलाही एक आकडा सगळ्यांना पुरत नाही. शेवटी हद्द घड्याळावरून काढली आणि पाळीपत्रकाला बांधली : त्या माणसाची पुढची पाळी जेव्हा असेल, त्याच्या दोन तास आधी मागचा दिवस बंद. यात अट एकच. पाळीपत्रक खरं हवं. "आज तू माझी सेकंड कर, मी तुझी थर्ड करतो" अशी तोंडी अदलाबदल झाली आणि कागदावर आली नाही, की पुन्हा तोच गोंधळ.

याच नियमाने एक जुनी चूकही उघडी पडली. आमच्या पाळ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा आठवड्याने फिरायच्या. पहिलीहून दुसरीला आणि दुसरीहून तिसरीला जाताना शनिवार ते सोमवार पूर्ण ४८ तास मिळतात. तिसरीवाला रविवारी सकाळी सातला सुटतो आणि सोमवारी सकाळी सातला पहिल्या पाळीला हजर. बरोबर २४ तास. रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग २४ तास, त्यामुळे नियमात बसतं, पण काठोकाठ. तो रविवारी अकरापर्यंत थांबला, तर उरतात वीस. मस्टरवर रविवारी 'साप्ताहिक सुट्टी' छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात ती झालेली नसते. तिच्या बदल्यात सुट्टी देणं लागतं. आम्ही ती कधी दिली नव्हती, कारण कुणी मोजलीच नव्हती.

ओटीच्या चिठ्ठीचं नवं बुक छापून आलं तेव्हा त्यात एक बदल होता. 'दिनांक' ही चौकट काढून तिथे 'कोणत्या रात्रीची पाळी' असं छापलं होतं. पहिल्याच आठवड्यात एका सुपरवायझरने त्यात लिहिलं, 'शुक्रवार सकाळ'. चिठ्ठी परत पाठवली.