मुद्दाम लावलेला उशीर

नेटफ्लिक्स उघडलं की खास आपल्यासाठी निवडलेल्या चित्रपटांची रांग समोर येते. ही निवड एक स्वतंत्र सेवा करते आणि मुख्य पान दर वेळी तिच्याकडे यादी मागतं. ती सेवा बंद पडली तर तसं लगेच कळतं. खरा धोका आहे तो ती रेंगाळली तर.

समजा, मुख्य पानाच्या सर्व्हरवर एका वेळी २०० जणांना हाताळण्याची सोय आहे आणि सेकंदाला १०० जण येतात. यादी ५० मिलिसेकंदांत मिळत असेल, तर कोणत्याही क्षणी जेमतेम पाच जागा अडलेल्या असतात. आता तीच यादी यायला पाच सेकंद लागू लागले, तर दोनच सेकंदांत सगळ्या २०० जागा वाट पाहण्यात गुंततात. मग ज्याला यादी नको, फक्त कालचा अर्धवट राहिलेला भाग पुढे पाहायचाय, त्यालाही दार बंद. एका दुय्यम सेवेपायी सगळंच ठप्प होतं, आणि मुख्य सर्व्हरमध्ये तर काहीच बिघडलेलं नसतं!

यावर उपाय म्हणजे वाट पाहण्याला मर्यादा घालणं. ३०० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही, तर सर्वांना दाखवता येईल अशी लोकप्रिय चित्रपटांची तयार यादी द्यायची. तेव्हा ३० जागाच अडतात. पण ही मर्यादा खरोखर लागू आहे का, हे कोड वाचून कळत नाही. म्हणून नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी चालू यंत्रणेतच उशीर घुसवायला सुरुवात केली. त्यासाठीच्या ‘लेटन्सी मंकी’ या साधनाची माहिती त्यांनी २०११ मध्ये दिली. २०१४ मध्ये जाहीर केलेल्या पुढच्या पद्धतीत हा बिघाड आधी एखाद्याच चाचणी खात्यापुरता आणि मग थोड्याच ग्राहकांपुरता ठेवता येऊ लागला. मला ही सावधगिरी सर्वांत मोलाची वाटते. खऱ्या ग्राहकांवर प्रयोग करायचा, तर तो तत्काळ थांबवण्याची सोय आधी हवी.

निकाल कशावरून ठरवायचा? नेटफ्लिक्स पाहतं ते दर सेकंदाला किती जणांचा चित्रपट सुरू झाला, ते. हा आकडा नेहमीसारखा राहिला, तर यंत्रणा तगली. यादी थोडी कमी आवडीची दिसली तरी चालतं. आकडा घसरला, की प्रयोग बंद.

अशा चाचण्यांत वरवर निर्दोष वाटणाऱ्या गोष्टी उघड्या पडतात. उत्तर आलं नाही तर आणखी दोनदा विचारायचं, असं कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे ३०० मिलिसेकंदांचे ९०० होतात, ३० ऐवजी ९० जागा अडतात आणि आधीच दमलेल्या सेवेवर तिप्पट मागण्या आदळतात. नुसता उशीर लावून भागत नाही, ते यासाठी: ती सेवा पूर्ण बंद करूनही पाहावं लागतं. तेव्हा कधी कधी लक्षात येतं, की ऐनवेळी द्यायची ‘तयार’ यादीसुद्धा त्याच बंद सेवेकडून आणली जात होती.