बॅटरी संपली नव्हती

माझ्या मावसबंधूंचे बार्शीला कापडाचे दुकान आहे. दुकानातील इन्व्हर्टर दोन वर्षांपूर्वी बसवलेला. बॅटरी दीडशे अँपिअर-तासांची, ट्यूब्युलर जातीची. सुरुवातीस वीज गेल्यावर पंखे, दिवे आणि संगणक मिळून तीनशे वॅटचा भार ती तीन तासांहून अधिक वेळ सहज ओढीत असे. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र चाळीस मिनिटांतच इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडू लागला. विक्रेत्याने सांगितले, "शेठ, बॅटरी गेली, नवी घ्या." पंधरा हजारांचा प्रश्न होता, म्हणून बंधूंनी एका जुन्या, अनुभवी बॅटरीवाल्यास बोलावले. त्या दिवशी मीही तेथे होतो.

त्याने प्रथम एकच गोष्ट केली. इन्व्हर्टर बंद पडल्यावर अर्धा तास थांबून त्याने बॅटरीचा दाब मोजला. तो १२.३ व्होल्ट भरला. या जातीची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. म्हणजे आत बरीच वीज शिल्लक होती. मग इन्व्हर्टरला ती का दिसली नाही?

उत्तर टर्मिनलवर होते. धन टर्मिनलभोवती हिरवट-पांढऱ्या क्षारांची बुरशीसारखी साय जमली होती आणि तिच्याखाली नट ढिला होता. भार चालू ठेवून त्याने मल्टिमीटरच्या दोन्ही सुया शिशाच्या खुंट्यांवर टेकवल्या, तेव्हा ११.९ व्होल्ट आले. वायरींच्या थिंबलवर टेकवल्या, तेव्हा १०.७. खुंटी आणि थिंबल यांच्यामधील बोटभर अंतरात सव्वा व्होल्टच्या जवळपास दाब हरवत होता. तीनशे वॅटच्या भाराला बॅटरीतून सुमारे तीस अँपिअर प्रवाह निघतो. इतक्या प्रवाहाला किंचित अडथळाही भारी पडतो आणि हरवलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ते टर्मिनल हाताला चांगलेच गरम लागत होते. इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला बॅटरी संपली असे समजून थांबतो. चार्जिंगच्या वेळी याच्या उलट घडते: अडथळ्यामुळे चार्जरला दाब खऱ्याहून जास्त दिसतो आणि तो लवकर हात आखडता घेतो. असे महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, आणि मग ती खरोखरच निकामी होते.

आता हे क्षार आले कोठून? बंधू दर पंधरवड्यास बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर अगदी काठोकाठ भरीत असत. काळजी चांगली, परंतु चार्जिंगच्या शेवटी आत बुडबुडे उठतात, द्रव वर चढतो आणि जास्तीचे आम्लमिश्रित पाणी झाकणांवाटे बाहेर येऊन टर्मिनलवर पसरते. शिवाय त्याबरोबर आम्ल गेले की ते पाण्याने भरून येत नाही. पातळी दर्शकावरील वरच्या खुणेपर्यंतच, आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावरच भरावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील एवढे पाणी आधी घालून मग चार्ज करावे. आपल्या घरी पाणी गाळून, उकळून घेण्याची रीत आहे. पण गाळण्याने वा उकळण्याने विरघळलेले सारे क्षार जात नाहीत, म्हणून तेही बॅटरीस चालत नाही. आम्ल तर आपण होऊन कधीच घालू नये.

सफाई त्याने अशी केली. मुख्य वीज आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. खिडकी उघडी, कारण चार्जिंगमध्ये निघालेला हायड्रोजन पेट घेतो. हातातील अंगठी आणि कडे काढून ठेवले. आधी ऋण वायर सोडली, नंतर धन. सहाही झाकणे घट्ट असल्याची खात्री करून गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा टर्मिनलवर ओतला. तो आत गेला तर आम्ल मारतो. फेस थांबल्यावर तारेच्या ब्रशने खुंटी आणि थिंबल धातू चमकेपर्यंत घासले, पुसून कोरडे केले. जोडताना क्रम उलटा: आधी धन, मग ऋण. नट आवळताना पान्हा एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना लागू दिला नाही. सगळे घट्ट झाल्यावर, आधी नव्हे, वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला.

रात्रभर चार्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी तोच भार पावणेतीन तास चालला. पूर्वीइतका नव्हे, तेवढी झीज झालीच होती. बॅटरीवाल्याने हायड्रोमीटरने सहाही कप्पे तपासले. सर्वांचे आकडे १.२२० च्या आसपास, एकमेकांना धरून होते. एखादाच कप्पा पूर्ण चार्जनंतरही १.१५० च्या आसपास अडकला असता, तर तो आतून बिघडला असे समजून नवी बॅटरी घ्यावीच लागली असती, असे तो म्हणाला. तूर्त बंधूंनी नवीचा विचार पुढे ढकलला आहे आणि पाण्याचा कॅन माळ्यावर ठेवला आहे.